डॉट की क्रॉस? ट्रॉली बॅग आणि चाकाचा नट घेऊन वर्क आणि टॉर्क समजून घेऊ

मी अकरावीच्या मुलांना घरी फिजिक्स शिकवते. व्हेक्टर्सचा धडा आला की दरवर्षी एक प्रश्न येतोच, यंदा तो एका मुलीने फार नेमका विचारला: "ताई, वर्कमध्ये पण फोर्स गुणिले अंतर, टॉर्कमध्ये पण फोर्स गुणिले अंतर, युनिट पण दोन्हीकडे न्यूटन-मीटर, मग एकात कॉस आणि दुसऱ्यात साइन का? आणि पेपरात कुठलं कुठे लावायचं हे ओळखायचं कसं?" तिला सूत्रं पाठ होती, गणितंही सुटत होती, पण गणितात 'वर्क' हा शब्द दिसला म्हणून डॉट आणि 'टॉर्क' दिसला म्हणून क्रॉस, एवढाच आधार होता. त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितेय. दोनच वस्तू घेऊ, एक ट्रॉली बॅग आणि एक गाडीच्या चाकाचा नट.

आधी बॅग

शाळेत आपण आधी शिकलो की कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. तिथे बल आणि विस्थापन एकाच दिशेत असायचं म्हणून प्रश्न मिटायचा. पण बॅग ओढताना तसं होत नाही, हँडल तिरकं असतं, तुम्ही वर-पुढे असं तिरपं ओढता आणि बॅग मात्र जमिनीवरून सरळ पुढे जाते.

समजा तुम्ही ५० न्यूटनने ओढताय आणि हँडल जमिनीशी ३७ अंशात आहे. या ५० चे दोन भाग पडतात, ४० न्यूटन आडवे पुढे आणि ३० न्यूटन सरळ वर. आता बॅग प्लॅटफॉर्मवर २० मीटर पुढे गेली, तर कार्य कोणी केलं? पुढे ओढणाऱ्या ४० ने. वरच्या ३० ने बॅग थोडी हलकी केली, जमिनीवरचा दाब कमी झाला, घर्षण कमी झालं, म्हणजे त्याचा उपयोग आहे, पण बॅग त्या दिशेने सरकलीच नाही म्हणून त्याचं कार्य शून्य. एकूण कार्य ४० गुणिले २०, ८०० ज्यूल.

डॉट प्रॉडक्ट म्हणजे नेमकं हेच. एका व्हेक्टरचा दुसऱ्याच्या दिशेने पडणारा भाग घ्यायचा आणि दुसऱ्याच्या लांबीने गुणायचं. 'दिशेने पडणारा भाग' काढायचा म्हणून कॉस येतो.

```
W = F · s = F s cosθ = 50 × 20 × 0.8 = 800 J
```

आता उत्तराला दिशा का नाही? कारण कार्य हा ऊर्जेचा हिशोब आहे. बॅग पूर्वेला ओढून ८०० ज्यूल खर्च केले आणि मग उत्तरेला ओढून अजून ८०० केले तर एकूण १६०० होतात, त्यांची पूर्व-उत्तर अशी त्रिकोणात बेरीज करावी लागत नाही. पेट्रोलचे लिटर मोजताना गाडी कुठल्या दिशेला गेली हे आपण विचारत नाही, तसंच. म्हणून इथे असा गुणाकार हवा ज्याचं उत्तर साधा आकडा येईल, आणि तो डॉट.

इथे मुलं हमखास अडवतात, की डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस दमतो, घाम गाळतो, आणि पुस्तक म्हणतं वर उचलून धरणाऱ्या बलाचं कार्य शून्य. शंका रास्त आहे आणि ती उडवून लावू नये. ओझं तोलून धरायला स्नायू आतल्या आत सतत आखडतात आणि सैल होतात, त्यात शरीराची ऊर्जा खरंच जाते. पण ती ओझ्यात जात नाही, ओझं त्याच उंचीवर आणि त्याच वेगात राहतं. सूत्र ओझ्याला मिळालेल्या ऊर्जेबद्दल बोलतंय, माणसाच्या थकव्याबद्दल नाही.

आता तीच बॅग रॅम्पवरून न्यायची. रॅम्प १२ मीटर पुढे जातो आणि तेवढ्यात १ मीटर वर चढतो, म्हणजे एकास बाराचा उतार, व्हीलचेअरच्या रॅम्पला साधारण असाच ठेवतात. ओढण्याची दिशा आडव्या रेषेपासून मोजून मघाचीच. पुढची दिशा i आणि वरची j धरली तर:

```
F = 40i + 30j      s = 12i + 1j
F · s = 40×12 + 30×1 = 480 + 30 = 510 J
```

बघा, इथे अँगल काढायची गरजच पडली नाही. i ला i ने गुणा, j ला j ने गुणा, बेरीज करा. i आणि j चा एकमेकांशी गुणाकार शून्य कारण ते काटकोनात आहेत, एकाचा दुसऱ्याच्या दिशेने भाग पडतच नाही. आणि मघाशी बेकार बसलेले ३० न्यूटन आता ३० ज्यूलचं काम करतायत कारण बॅग खरंच १ मीटर वर गेली. बॅग १५ किलोची असेल तर g दहा धरून वजन १५० न्यूटन खाली, म्हणजे -150j, त्याचा s शी डॉट घेतला की -१५० ज्यूल येतात. ऋण चिन्हाचा अर्थ इतकाच की गुरुत्वबल सरकण्याच्या विरुद्ध ओढत होतं. कार्याच्या ऋण चिन्हाला दिशा समजू नका, ती वजाबाकी आहे, खात्यातून गेलेली रक्कम आहे.

एक अट लक्षात ठेवा, F · s हे थेट गुणून तेव्हाच चालतं जेव्हा बल वाटभर तेवढंच आणि त्याच दिशेने आहे. बल बदलत असेल तर वाटेचे छोटे तुकडे करून बेरीज, म्हणजे इंटिग्रेशन.

आता चाकाचा नट

गाडी पंक्चर झाली, स्टेपनी लावायची, त्यासाठी चाकाचे नट ढिले करायचे. (हे जॅक लावायच्या आधी करायचं, चाक जमिनीवर टेकलेलं असताना, नाहीतर नटाऐवजी चाकच फिरतं.) समजा नट सुटायला १०० न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतोय आणि तुमच्याकडे २५ सेंटिमीटरचा पाना आहे.

चाकासमोर उभे आहात अशी कल्पना करा. तुमच्या उजवीकडे i, वर j, आणि चाकातून तुमच्याकडे येणारी दिशा k. पाना नटावर बसवला, त्याचा दांडा डावीकडे आडवा आहे, आणि दांड्याच्या टोकावर तुम्ही पायाने सरळ खाली ४०० न्यूटन दाब देताय.

आता स्वतःला विचारा, यातला कुठला भाग नट फिरवतो? तुम्ही दांड्याच्या लांबीला धरून नटाकडे ढकललं किंवा नटापासून दूर ओढलं तर नट जागचा हलत नाही, कितीही जोर लावा. फिरवतो तो फक्त दांड्याला काटकोनात असलेला भाग. म्हणजे बॅगेच्या बरोबर उलट. तिथे 'दिशेने पडणारा' भाग कामाचा होता आणि काटकोनातला भाग वाया, इथे काटकोनातला भाग कामाचा आणि दिशेने पडणारा वाया. म्हणून तिथे कॉस आणि इथे साइन. एवढी गोष्ट डोक्यात बसली की सूत्र पाठ करायची गरज उरत नाही.

```
τ = r × F      आकाराने  r F sinθ
```

r म्हणजे नटाच्या मध्यापासून, म्हणजे फिरण्याच्या अक्षापासून, जिथे जोर लागतोय तिथपर्यंतचा बाण. नटापासून पायाकडे, उलटा नाही. आणि गुणाकारात r पहिला, F नंतर. इथे क्रम बदलला की उत्तराचं चिन्ह बदलतं, डॉटमध्ये असं होत नाही.

```
r = -0.25i     F = -400j
r × F = (-0.25)(-400) (i × j) = +100k
```

i × j = k, j × k = i, k × i = j, गोल गोल जायचं, उलट गेलात तर वजा चिन्ह. उत्तर आलं +100k, म्हणजे टॉर्क तुमच्याकडे येणाऱ्या दिशेत.

हे मुलांना सगळ्यात विचित्र वाटतं. मी खाली दाबतेय, पाना डावीकडे आहे, आणि टॉर्क म्हणे माझ्याकडे येतोय? तिकडे तर काहीच हलत नाहीये! तर यासाठी उजवा हात पुढे करा, चार बोटं नट ज्या बाजूने फिरणार तशी वळवा. पान्याचं डावं टोक खाली जातंय, म्हणजे घड्याळाच्या उलट. बोटं तशी वळवली की अंगठा तुमच्याकडे येतो. आणि आता नट खरंच फिरवून बघा: तो आटे सोडत सोडत तुमच्याकडेच बाहेर येतो! सरळ आट्यांच्या कुठल्याही नटाला हे लागू आहे, टॉर्कचा बाण जिकडे दाखवतो तिकडे नट सरकतो. बाटलीचं फिरकीचं झाकण घेऊन करून बघा, उघडताना अंगठा वर, झाकण वर. मला व्हेक्टरच्या दिशेचा अर्थ इतका स्वच्छ दाखवणारी दुसरी वस्तू माहीत नाही.

टॉर्कला दिशा हवी ती याचसाठी. नुसतं '१०० न्यूटन-मीटर' म्हटलं तर नट सुटतोय की आवळतोय कळत नाही, आणि कुठल्या अक्षाभोवती फिरतोय तेही कळत नाही. या दोन्ही गोष्टी एका बाणात सांगायच्या तर तो बाण अक्षाच्या बाजूनेच ठेवावा लागतो, कारण फिरणाऱ्या वस्तूत स्थिर राहणारी दिशा तेवढी एकच.

ही नुसती पेपरातली गोष्ट नाही. आमच्याकडे एकदा घाटाखाली पंक्चर झालं तेव्हा भाऊ घामाघूम होऊन पान्यावर पाय देत होता आणि नट काही केल्या सुटेना, मग लक्षात आलं की पाना उजव्या बाजूला लावून तो खाली दाबतोय. गणितात घालून बघा: r आता +0.25i, F तेच -400j, उत्तर -100k. बाण चाकाच्या आत. म्हणजे इतका वेळ तो नट आणखी आवळत होता. पाना काढून डावीकडे लावला आणि दोन धक्क्यांत नट सुटला.

पाना तिरका असेल तर

नट षटकोनी असतो त्यामुळे पाना हवा तिथे आडवा बसेलच असं नाही. समजा दांडा डावीकडेच आहे पण आडव्यापेक्षा ३७ अंश खाली झुकलेला. पाय तोच, जोर तोच, सरळ खाली.

```
r = -0.20i - 0.15j     F = -400j
r × F = [(-0.20)(-400) - (-0.15)(0)] k = 80k
```

१०० चे ८० झाले आणि नट सुटणार नाही. अँगलने तपासायचं असेल तर r आणि F दोन्हीच्या शेपट्या एका बिंदूवर आणून मधला कोन मोजायचा, तो ५३ अंश येतो, साइन ०.८, आणि ०.२५ × ४०० × ०.८ म्हणजे ८०. इथे खूप जण ३७ घालून ६० उत्तर आणतात, कारण गणितात दिलेला कोन आडव्या रेषेशी असतो आणि आपल्याला हवा तो r आणि F च्या मधला. डॉटमध्येही हीच चूक होते. दिलेला अँगल कशाकशात आहे हे आकृती काढल्याशिवाय ठरवू नका. आकृतीत आणखी एक दिसेल, नटापासून पायाच्या उभ्या रेषेपर्यंतचं सरळ आडवं अंतर ०.२० मीटर आहे आणि ०.२० × ४०० थेट ८० देतं. दांडा पूर्ण खाली लोंबत असेल तर हे अंतर शून्य, मग त्यावर उभे राहून उड्या मारल्या तरी टॉर्क शून्य.

तिसरी मिती, जिथे दोन्ही गुणाकार भेटतात

आतापर्यंत पाना चाकाला चिकटून सपाट आहे असं धरलं. गाडीबरोबर मिळणारा पाना बहुतेक वेळा L आकाराचा असतो, नटावर बसणारा भाग तुमच्याकडे बाहेर येतो आणि मग दांडा वळतो. समजा दांडा नटापासून १० सेंटिमीटर बाहेर आहे.

```
r = -0.25i + 0.10k     F = -400j

x:  ry·Fz - rz·Fy = 0 - (0.10)(-400) = 40
y:  rz·Fx - rx·Fz = 0
z:  rx·Fy - ry·Fx = (-0.25)(-400) - 0 = 100

τ = 40i + 100k
```

डिटर्मिनंटने काढलंत तरी हेच येतं, फक्त मधल्या j च्या पदाला वजा चिन्ह लावायचं विसरू नका.

हे 40i कुठून आलं? ज्यांनी असा पाना वापरलाय त्यांना हे हाताने माहीत आहे: जोरात पाय दिला की पाना नटावरून कलतो आणि निसटतो, कडा घासतात. तो कलवणारा टॉर्क म्हणजे हे ४०. म्हणून जाणती माणसं एका हाताने पान्याचं वळण नटाजवळ वर उचलून धरतात आणि मग दांड्यावर पाय देतात. सूत्रातून निघालेलं एक पद आणि हाताला कळलेली एक खोड, दोन्ही एकच.

मग नट फिरवायला किती टॉर्क मिळाला? नटाचा अक्ष k च्या दिशेत, आपल्याला τ चा 'k च्या दिशेने पडणारा भाग' हवा. दिशेने पडणारा भाग म्हणजे काय? डॉट! τ · k = 100. टॉर्क काढायला क्रॉस लागला आणि त्यातला कामाचा भाग निवडायला डॉट.

उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायलाही डॉटच कामाला येतो. क्रॉसचं उत्तर r ला आणि F ला, दोघांनाही काटकोनात असलंच पाहिजे, म्हणजे त्यांच्याशी डॉट घेतला तर शून्य यायला हवा.

```
τ · r = 40×(-0.25) + 100×0.10 = -10 + 10 = 0
τ · F = 0
```

याला अर्धा मिनिट लागतो. शून्य नाही आलं तर कुठेतरी चिन्ह किंवा आकडा चुकलाय हे नक्की. (शून्य आलं म्हणजे सगळं बरोबर असं मात्र नाही, F × r असा उलटा क्रम लावला असेल तरी शून्यच येईल, म्हणून क्रम वेगळा बघायचा.)

जाता जाता, हे दोन गुणाकार सुरुवातीला वेगळे नव्हतेच. हॅमिल्टन या गणितज्ञाने १८४३ मध्ये क्वाटर्निअन नावाच्या चार भागांच्या संख्या शोधल्या, त्यांचा एकच गुणाकार केला की त्यातून एक आकड्याचा भाग आणि एक बाणाचा भाग असे दोन्ही एकत्र निघायचे. नंतर गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी आपापल्या वाटेने ते दोन भाग सुटे केले. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही डॉट वर्कच्या धड्यात येतो आणि क्रॉस थेट रोटेशनच्या धड्यात, ज्याची गरज जिथे पडते तिथे, आणि मला ती मांडणी पटते. आपल्या स्टेट बोर्डात दोन्ही एकाच गणिती धड्यात शेजारी शेजारी आहेत, म्हणून घोळ जास्त होतो.

न्यूटन-मीटर आणि ज्यूल

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा उरलेला भाग, दोन्हीचं युनिट सारखं कसं. गंजलेला नट घ्या. तुम्ही आडव्या पान्यावर ४०० न्यूटनने दाबून उभे आहात आणि नट हलत नाही. टॉर्क किती? पूर्ण १०० न्यूटन-मीटर. कार्य किती? शून्य, कारण पाय जिथे होता तिथेच आहे. टॉर्क असायला काही हलावं लागत नाही, कार्य व्हायला हलावंच लागतं. टॉर्कमधला मीटर म्हणजे दांड्याची लांबी, कार्यातला मीटर म्हणजे कापलेली वाट. म्हणून टॉर्कला ज्यूल कधीच लिहू नका, न्यूटन-मीटरच लिहा.

आता नट सुटला आणि पाना आडव्यापासून ३० अंश खाली गेला, पायाचा जोर सगळा वेळ सरळ खाली ४०० न्यूटनच. फिरण्यातलं कार्य टॉर्क गुणिले कोन, कोन रेडियनमध्ये. बरेच जण लिहितात:

```
W = τθ = 100 × 0.5236 = 52.36 J
```

डॉटने करून बघू. पान्याचं टोक किती खाली आलं? ०.२५ × sin ३०, म्हणजे ०.१२५ मीटर. ते थोडं उजवीकडेही सरकलं, पण बल पूर्ण उभं आहे म्हणून आडव्या सरकण्याचा डॉटमध्ये वाटा शून्य.

```
W = F · s = 400 × 0.125 = 50 J
```

५२.३६ की ५०? बरोबर उत्तर ५०. पाना खाली झुकत गेला तसा टॉर्क १०० राहिलाच नाही, मघाच्या तिरक्या पान्यासारखा कमी होत होत ३० अंशाला ८६.६ वर आला, आणि पहिल्या हिशोबात आपण तो शेवटपर्यंत १०० धरला. कमी होणारा टॉर्क छोट्या छोट्या कोनांनी गुणून बेरीज केली, म्हणजे 100 cosθ चं ० ते ३० अंश इंटिग्रेशन केलं, तर १०० × sin ३० म्हणजे ५० च येतात. ५२.३६ ज्यूल हवे असतील तर पाय सरळ खाली न दाबता दांड्याबरोबर दिशा बदलत, प्रत्येक क्षणी त्याला काटकोनात दाबावं लागेल.